फुल इन्शुरन्स आणि फुकटचं टोइंग

“पॉलिसी फुल आहे, मग गाडी कुठेही बंद पडली तरी टोइंग फुकटच ना?”

नाही. मूळ पॉलिसीतलं टोइंग अपघातानंतरचं, तेही साधारण १,५०० रुपयांपर्यंत. कसारा घाटात क्लचप्लेट जळून गाडी थांबली, तर तो बिघाड. तिथे रोडसाइड असिस्टन्सचं अ‍ॅड-ऑन लागतं. त्यातही किलोमीटरची मर्यादा असते: समजा ती ५० आहे आणि गॅरेज ७० वर, तर उरलेल्या २० किलोमीटरचे पैसे तुमचे. क्लचप्लेटचा खर्चही तुमचाच. पंक्चर झालं तर माणूस येऊन चाक बदलतो, पण डिकीतली स्टेपनी धड हवी (ती किती जणांची असते!). फोन मात्र पॉलिसीवरच्या नंबरलाच करा. रस्त्यावर स्वतः थांबवलेल्या क्रेनचं बिल बहुधा परत मिळत नाही. नव्या गाडीसोबत ही सेवा बऱ्याचदा आधीच आलेली असते.