रोजनिशीतली नोंद की प्रसंगलेखन? पुराचा एकच दिवस, दोन तऱ्हांनी

'अनपेक्षित घटना घडली त्या दिवसाची रोजनिशी लिहा' असा प्रश्न आला की बरीच मुलं प्रसंगलेखनच लिहितात आणि वर तारीख टाकतात. दोन्हींत 'मी' असतो, घटना असते, भावना असतात, म्हणून गल्लत होते. फरक आहे तो लिहिणारा कधी लिहायला बसलाय यात. रोजनिशी लिहिणारा त्याच रात्री बसलेला असतो आणि उद्या काय होणार हे त्याला ठाऊक नसतं. प्रसंग लिहिणाऱ्याला शेवट माहीत असतो.

कोल्हापुरातलाच प्रसंग घेऊ, पंचगंगेच्या पाण्याचा. राजाराम बंधाऱ्याजवळ ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी, हे आकडे पावसाळ्यात इथल्या पोरांनाही पाठ असतात. प्रसंगलेखनात तो असा येईल:

"गेल्या वर्षी जुलैमध्ये पंचगंगेला पूर आला. आमचं घर नदीघाटाजवळ आहे. त्या दिवशी शाळा लवकर सुटली म्हणून मी खूश होतो, पण घरी पोहोचलो तेव्हा पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं होतं. पुढचे पाच दिवस आम्ही राजारामपुरीत मावशीकडे राहिलो. पाणी ओसरल्यावर घरात चिखलच चिखल होता."

प्रसंगलेखन म्हणून हे उत्तम आहे. घर कुठे आहे हे तो वाचकाला सांगतो, पाच दिवसांनंतरचंही सांगतो. आता तोच मुलगा त्याच रात्री लिहितोय असं धरू:

"२५ जुलै, गुरुवार
रात्री ९.४५

सकाळी गणिताची वही सापडत नव्हती, आजची काळजी तेवढीच होती. दुसऱ्या तासाला शिपाईकाका नोटीस घेऊन आले. शाळा सुटली! आम्ही बाकं वाजवली. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडलेत असं बाई सांगत होत्या, पण ऐकतंय कोण.

गंगावेशीपर्यंत उड्या मारतच आलो. गल्लीच्या तोंडाशी पाय थांबले. समोर पाणी. सकाळी तिथे शेजारच्या काकांची गाडी उभी होती. पोटात एकदम गोळा आला. जिन्यावरून आई ओरडली, 'तिथंच थांब, पुढं येऊ नकोस!' बाबांनी आज्जीला पाठीवर घेऊन बाहेर आणलं. आज्जी कधी रडत नाही. आज बाळकृष्ण पदरात धरून रडत होती. बाकं वाजवल्याचं मला कसंतरीच वाटलं.

संध्याकाळी रिक्षाने मावशीकडे आलो. तिने पिठलं-भात केला होता. भूक होती, पण घास उतरेना.

आत्ता बाकी सगळे झोपलेत. बाबा मोबाईलवर पातळी बघतायत, ४२ फूट ८ इंच. मनी माळ्यावरच राहिली. तिथवर पाणी चढणार नाही, असं बाबा म्हणाले. म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही."

इथे घड्याळाची वेळ फक्त वर आहे. खाली 'सकाळी', 'दुसऱ्या तासाला', 'संध्याकाळी', 'आत्ता' एवढ्यावर क्रम लागतो. प्रत्येक वाक्याला '१० वाजून २० मिनिटांनी' लावलं तर नोंद पंचनाम्यासारखी वाटते. घटना अनपेक्षित होती हेही त्याने वेगळं सांगितलेलं नाही. हरवलेल्या वहीने दिवस सुरू होतो आणि पाण्याशी येऊन थांबतो, त्यातच ते आलं.

भावनांकडे जरा थांबून बघायला हवं, कारण गुण तिथेच निसटतात. मुलं सगळी घटना सांगतात आणि शेवटी एका परिच्छेदात 'मला खूप भीती वाटली, वाईटही वाटलं' असं गोळा करून ठेवतात. वरच्या नोंदीत जे दिसलं त्याला लागूनच भावना येते. पाणी दिसलं आणि पोटात गोळा आला. आज्जी रडली आणि बाकं वाजवल्याचं बोचलं. शिवाय ती बदलत जाते, आनंद, धसका, अपराधीपणा आणि रात्री मनीची काळजी. या बदलामुळे वेळही पुढे सरकलेली कळते.

'मनी' म्हणजे मांजर, हे त्याने सांगितलेलं नाही, आणि सांगायलाही नको. स्वतःच्या वहीत घरच्यांची ओळख कोणी करून देत नाही. 'माझी आज्जी, जी पंचाहत्तर वर्षांची आहे' असं वाक्य आलं की लिहिणारा वाचकाकडे बघतोय हे लगेच कळतं. 'तो दिवस मी कधीच विसरणार नाही' हे वाक्यही प्रसंगलेखनातलं. दिवस अजून संपलेलाच नाही, मग 'तो' कुठला?

उत्तरपत्रिका परत देण्याआधी एक तपासणी करता येते. लिहिलेल्या नोंदीत 'आज' आणि 'आत्ता'च्या जागी मनातल्या मनात 'त्या दिवशी' घालून वाचा. कुठेच अडखळलं नाही, तर ते प्रसंगलेखन झालंय. वरच्या नोंदीत शेवटचा परिच्छेद लगेच अडतो, कारण पातळी अजून चढतेय आणि मनीचं काय होणार हे लिहिणाऱ्याला माहीत नाही. वेळ कमी पडला तर रिक्षा आणि पिठलं-भात गाळा, पण 'आत्ता'चा परिच्छेद ठेवा.