चक्कर मुद्दाम आणायची

समजा, सोलापुरात चादरीच्या कारखान्यात हिशेब लिहिणारा 23 वर्षांचा मुलगा आहे. मे महिन्यात भर दुपारी सात रस्त्याला रिक्षाची वाट बघताना त्याला गरगरलं, छाती धडधडली आणि वाटलं, 'आता मी पडणार.' ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं ठीक निघालं. तरी असे झटके येतच राहिले आणि तो बाहेर पडायला घाबरू लागला. शेवटी तो समुपदेशकाकडे गेला.

पहिल्या दोन भेटींत समुपदेशक त्याच्याच शेवटच्या झटक्याचं चक्र कागदावर काढतात. उन्हानं डोकं हलकं होतं. 'पडणार' हा विचार येतो. भीतीनं श्वास वाढतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि गरगर वाढते. मग तो विचार आणखी खरा वाटतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 साली मांडलेलं पॅनिकचं, म्हणजे अशा अचानक येणाऱ्या भीतीच्या झटक्यांचं, प्रारूप हेच सांगतं. बेशुद्धी येते ती बहुधा रक्तदाब घसरल्यावर, झटक्यात तो सहसा चढलेला असतो. पण आपण पडणार नाही हे मुलाला कधी कळतच नाही, कारण प्रत्येक वेळी तो भिंतीला टेकतो, पाण्याची बाटली घट्ट धरतो, घरी पळतो.

साधारण 12 आठवडी भेटींपैकी तिसरीत संवेदना मुद्दाम आणायला सुरुवात होते. जागच्या जागी 1 मिनिट धावणं, खुर्चीत 1 मिनिट गोल फिरणं, बारीक नळीतून श्वास घेणं, 1 मिनिट जोरजोरात श्वास घेणं. कशात आपल्या झटक्यासारखं वाटतं, ते 10 पैकी गुणांनी नोंदवायचं. त्याला जोरात श्वास घेण्यात साम्य 8 आणि भीती 7 वाटली. करण्याआधी भाकीत लिहिलं: '40 सेकंदांत पडेन', खात्री 80 टक्के.

पहिल्यांदा तो पडला नाही, पण भीतीही उतरली नाही. विचारल्यावर म्हणाला, "खुर्ची धरली होती म्हणून वाचलो." इथेच हा सराव बहुतेकदा फसतो. पुन्हा केला तो खोलीच्या मधोमध उभं राहून, काहीही न धरता. गरगरलं, बोटांना मुंग्या आल्या, तो उभाच राहिला. लगेच पुन्हा, मग आणखी एकदा: भीती 6, 4, 3. गरगर तेवढीच होती, भाकीत मात्र खोटं ठरत गेलं. मध्येच सावकाश श्वास घेऊन संवेदना दाबली असती, तर तो सावकाश श्वासही खुर्चीसारखा आधारच झाला असता.

पुढचा आठवडा घरी रोज तीनदा हाच सराव. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नये.

पुढच्या भेटींत सराव बाहेर जातो: जिना भरभर चढणं, गर्दीची बस, शेवटी सात रस्ता. सोलापूरच्या उन्हात बाटली घरी ठेवा असं कुणी सांगणार नाही. ती पिशवीत राहू दे. तहान लागली की प्यायचं, भीती वाटली म्हणून नाही.