जस्ताची दोन चिन्हं

प्रमाण विभवांच्या आजच्या कोणत्याही तक्त्यात जस्तासमोर −०.७६ व्होल्ट असतं आणि तांब्यासमोर +०.३४. दोन्हींतला फरक १.१० व्होल्ट, हाच जस्त-तांबे घटाचा प्रमाण विभव. पण १९५३च्या आधीची पुस्तकं उघडली, तर काहींत जस्तासमोर चक्क +०.७६ सापडतं. ती छापखान्याची चूक नाही.

हा घट १८३६पासूनचा. त्याचं व्होल्टेज येतं कुठून, याचं आकड्यांतलं पहिलं उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिळालं: अभिक्रियेची सगळी उष्णता विजेच्या रूपात बाहेर पडते. नेमका याच घटाला हा हिशोब जवळजवळ लागू पडला. मोलमागे उष्णता सुमारे २१९ किलोज्यूल. दोन मोल इलेक्ट्रॉनांच्या प्रभाराने भागलं की १.१३ व्होल्ट. मोजलं तर १.१०. एवढ्याशा फरकाकडे कोण बघतं! पण काही घट चालताना भोवतालची उष्णता ओढून घेतात, आणि तिथे हे उत्तर फसतं. १८७०-८०च्या दशकांत उष्णतेच्या जागी मुक्त ऊर्जा आली आणि ΔG° = −nFE° हा संबंध पक्का झाला. आपल्या घटासाठी −२ × ९६,४८५ × १.१०, म्हणजे −२१२ किलोज्यूल. उष्णतेतले उरलेले सहा-सात किलोज्यूल विजेच्या वाट्याला येतच नाहीत.

समतोल स्थिरांकाचा धागा १८८९मध्ये जोडला गेला. द्रावणातल्या जस्त आणि तांबे आयनांच्या प्रमाणाचं गुणोत्तर दहापट झालं, की २५ अंश सेल्सिअसला या घटाचं व्होल्टेज ०.०२९६ने उतरतं. मग १.१० व्होल्ट संपायला अशा किती पायऱ्या लागतील? सुमारे ३७. घट पूर्ण मेला म्हणजे समतोल आला. म्हणून K हा साधारण १० चा ३७वा घात. हा आकडा द्रावण तपासून मिळणार नाही. जस्ताचं द्रावण एक मोलर असेल तर समतोलाला लिटरभरात तांब्याचा एक आयनही उरायला नको. असा K व्होल्टमीटरच्या वाटेनेच कळतो. मात्र ०.०१ व्होल्टची चूक झाली तर K दुपटीहून जास्त हलतो.

आता चिन्हाचं भांडण. एका गटाचं म्हणणं, हायड्रोजनच्या अग्राशी जोडल्यावर जस्ताची पट्टी ऋण निघते. अभिक्रिया कागदावर उजवीकडून लिहा की डावीकडून, पट्टीला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणून जस्त −०.७६. दुसरा गट अभिक्रियेकडे बघत होता. Zn → Zn²⁺ + 2e⁻ ही आपणहून घडणारी बाजू, तिला धन आकडा द्या. उलटी लिहिली तर चिन्हही उलटवा, मुक्त ऊर्जेचं उलटतं तसंच. अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या या ऑक्सिडेशन विभवांवर शिकल्या. युरोपात बहुतेक पहिली रीत.

१९५३मध्ये स्टॉकहोमला जो निर्णय झाला, तो बारकाईने वाचण्यासारखा आहे. 'अग्र विभव' हा शब्द फक्त क्षपण म्हणून लिहिलेल्या अर्ध्या अभिक्रियेसाठी राखला गेला. दुसऱ्या गटाची मांडणी चूक आहे, असं त्यात म्हटलेलं नव्हतं. तिला हे नाव लावू नका, एवढंच. माझ्या मते दुसऱ्या गटाची बाजू तितकी दुबळी नव्हती, कारण त्यांचा आकडा थेट −nFEमध्ये बसायचा. पण मोजता येणाऱ्या गोष्टीला कागदावरच्या लेखनापासून सोडवणं जास्त शहाणपणाचं होतं.

गोंधळ मात्र उरलाच, कारण घटाचा हिशोब करायच्या दोन्ही रीती शिकवण्यात टिकल्या. कॅथोडमधून अ‍ॅनोड वजा करा, ही एक. अ‍ॅनोडचं चिन्ह उलटवून बेरीज करा, ही दुसरी. दोन्ही बरोबर, एकत्र केल्या की घात. चिन्ह उलटवून पुन्हा वजा केलं की ०.३४ − ०.७६ = −०.४२ येतं, ΔG° होतो +८१ किलोज्यूल, आणि उत्तर सांगतं की मोरचुदाच्या द्रावणात जस्त विरघळणारच नाही. जस्ताची पट्टी बुडवून बघा: तिच्यावर काळपट-तांबडा थर चढतो आणि निळा रंग फिकटत जातो.

१९८२मध्ये प्रमाण दाब एक वातावरणाऐवजी एक बार झाला. हायड्रोजनच्या अग्राची पातळी त्यामुळे सुमारे ०.१७ मिलिव्होल्टने हलली आणि तिच्याशी तोललेले जस्ताचे व तांब्याचे आकडेही तेवढेच सरकले. दोन्ही एकाच दिशेला, त्यामुळे त्यांच्यातल्या फरकाला आणि त्यावरून काढलेल्या K ला धक्का लागला नाही.