इंग्लंडमध्ये उभे, फोन म्हणतो फ्रान्स

"डोव्हरजवळ सेंट मार्गारेट्स बेला गेलो, तर 'वेलकम टू फ्रान्स' असा मेसेज आला. फोनचं जीपीएस बिघडलंय का?"

जीपीएसचा यात काडीचा संबंध नाही. ते बंद ठेवलं असतं तरी मेसेज आलाच असता. प्रत्येक टॉवर आपला क्रमांक सतत प्रसारित करत असतो. त्यातले पहिले तीन अंक देशाचे: ब्रिटनचे 234 किंवा 235, फ्रान्सचे 208, भारताचे 404 किंवा 405. पुढचे अंक कंपनीचे. 20801 ऐकलं की फोन वर Orange F असं नाव दाखवतो.

सेंट मार्गारेट्स बे उंच कड्यांच्या पायथ्याशी आहे. ब्रिटिश सिग्नल कड्यामागे अडतो आणि समोर जेमतेम 33 किलोमीटरवर, मोकळ्या पाण्यापलीकडे, फ्रान्स. फोन तिकडचा टॉवर पकडतो. मग ते फ्रेंच नेटवर्क तुमच्या मूळ कंपनीला कळवतं, 'तुमचा ग्राहक आमच्याकडे आलाय', आणि स्वागताचा मेसेज बहुतेक वेळा ती मूळ कंपनीच पाठवते. घड्याळ आपोआप एक तास पुढे गेलं, तर तीही फ्रेंच टॉवरचीच करामत.

मेसेज उशिराही येऊ शकतो, म्हणून आत्ता कुठे जोडलोय हे नेटवर्कच्या नावावरून बघा. फ्रेंच नाव दिसलं, तर आधी डेटा रोमिंग बंद करा, कारण तुमचा पॅक फक्त ब्रिटनचा असू शकतो. मग सेटिंगमध्ये नेटवर्क स्वतः निवडा. यादीत ब्रिटिश नावच नसेल, तर कडा चढून वर या.