डेटा करार (दैनिक फाइलचा)

रोज ठरलेल्या वेळी फाइल तयार करणारा विभाग आणि ती वाचून पुढचे काम करणारा विभाग यांच्यातील लेखी समजुतीला डेटा करार म्हणतात. फाइलमध्ये कोणते रकाने असतील, प्रत्येक रकान्याचा नेमका अर्थ काय, फाइल किती वाजेपर्यंत येईल आणि यातले काही बदलायचे झाल्यास किती आधी व कोणाला कळवायचे, हे त्यात लिहिलेले असते. असा करार यंत्राला वाचता येईल अशा स्वरूपात लिहिण्यासाठी ‘ओपन डेटा कॉन्ट्रॅक्ट स्टँडर्ड’ हे खुले मानक उपलब्ध आहे. मात्र दोन विभागांमधल्या एका फाइलसाठी दोन पानांचा साधा मजकूरही पुरतो. तो दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून लिहिलेला असला पाहिजे.

कराराची खरी गरज कुठे लागते, हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या एखाद्या दूध संघाच्या उदाहरणावरून चांगले कळते. करवीर, कागल, राधानगरी, भुदरगड अशा तालुक्यांतल्या गावोगावच्या संस्थांकडून सकाळ-संध्याकाळ दूध येते. संकलन विभाग त्याची रोज एक फाइल बनवतो. बिल विभाग ती वाचतो आणि दर दहा दिवसांनी संस्थांचे दूध बिल काढतो. फाइल अशी दिसते:

```
society_code,milk_date,shift,milk_type,qty,fat,snf
2147,2025-07-15,M,B,212.4,6.8,9.1
```

म्हणजे २१४७ क्रमांकाच्या संस्थेचे १५ जुलैच्या सकाळचे म्हशीचे दूध २१२.४, फॅट ६.८, एसएनएफ ९.१. पण २१२.४ काय? लिटर की किलो? फाइलमध्ये ते कुठेच नाही. बिल विभाग पहिल्यापासून लिटर धरून चालला आहे, कारण पहिल्या दिवशी कोणीतरी तसे तोंडी सांगितले होते.

आता समजा, संकलन विभागाने नवे वजनकाटे बसवले आणि त्यांचा आकडा किलोमध्ये थेट `qty` मध्ये येऊ लागला. दुधाची घनता लिटरला सुमारे १.०३ किलो असते, त्यामुळे तेच दूध आता २१८.८ दिसेल. रकान्याचे नाव तेच, जागा तीच, दशांश आकडाही तसाच. फाइलची रचना तपासणाऱ्या कोणत्याही चाचणीत ती पास होणार. रोज दोन्ही वेळचे मिळून ४०० लिटर घालणाऱ्या संस्थेचे ४१२ लिटर धरले जातील. दहा दिवसांत १२० लिटर जास्त झाले आणि दर ५० रुपये धरला, तर एका संस्थेच्या एका बिलात ६,००० रुपयांचा फरक पडला. पैसे वाटून झाल्यावर ते परत मागणे किती अवघड असते, हे संस्थेच्या कोणत्याही सचिवाला विचारावे.

रकाना गायब झाला तर प्रोग्रॅम बंद पडतो आणि तासाभरात फोन येतो. अर्थ बदलला तर सगळे सुरळीत चाललेले दिसते. म्हणून रकान्यांच्या यादीपेक्षा प्रत्येक रकान्याचा अर्थ आणि एकक यांवर करारात जास्त शाई खर्च करावी:

```yaml
- name: qty
  unit: litre
  type: decimal(8,1)
  required: true
```

`milk_date` चेही तसेच. संध्याकाळचे दूध शीतकरण केंद्रावर दुसऱ्या दिवशी पोहोचत असेल, तर तारीख गावात दूध घातल्याची की केंद्रावर पोहोचल्याची? बिलाच्या दहाव्या दिवशी या एका उत्तरावर एक वेळचे संकलन या बिलात की पुढच्या, हे ठरते.

अर्थ बदलल्याचे फाइलवरून ओळखता येते का? बऱ्याच अंशी येते. एकाच संस्थेचे दूध रोज तीन-चार टक्के वर-खाली होतच असते, त्यामुळे एका संस्थेकडे पाहून काही कळत नाही. पण प्रत्येक संस्थेच्या आजच्या आकड्याला तिच्याच गेल्या सात दिवसांच्या, त्याच वेळच्या आणि त्याच प्रकारच्या दुधाच्या मध्यकाने भागावे, आणि निघालेल्या सगळ्या गुणोत्तरांचा पुन्हा मध्यक काढावा. शेकडो संस्थांमधली रोजची चढउतार एकमेकींत मिटून जाते आणि हा मध्यक १ च्या अगदी जवळ राहतो. तो एका रात्रीत १.०३ झाला, तर सगळ्या म्हशींनी एकाच दिवशी दूध वाढवले असे होत नाही; मोजमाप बदललेले असते. काटे एकेका शीतकरण केंद्रावर टप्प्याटप्प्याने बसवले, तर एकूण मध्यक जागचा हलणार नाही. म्हणून हा हिशेब केंद्रवार करावा लागतो. मर्यादा किती ठेवायची, हे आपल्याच जुन्या फाइलींवरून ठरवावे. आणि मर्यादा ओलांडली की फाइल बिलात न घेता आधी संकलन विभागाला फोन करायचा, हेही करारातच असावे.

तरीही तपासणी हा दुसरा बांध आहे. पहिला बांध म्हणजे बदलाची पूर्वसूचना. शेवटी एखादा नवा रकाना जोडणे हा साधा बदल. त्याला आठवडाभराची सूचना पुरते, पण बिल विभाग रकाने क्रमांकाने नव्हे तर नावाने वाचत असेल आणि अनोळखी रकाना सोडून देत असेल तरच. ही बिल विभागाची जबाबदारी म्हणून करारात लिहावी लागते. रकाना काढणे, त्याचे नाव, एकक, कोड किंवा फाइलची वेळ बदलणे हे मोडणारे बदल. त्यांची मुदत दिवसांत न मोजता बिलांच्या मुदतींत मोजणे शहाणपणाचे ठरते. निदान दोन पूर्ण बिले आधी सूचना द्यावी, आणि बदल १, ११ किंवा २१ तारखेच्या दुधापासूनच लागू करावा. बिलाच्या मधोमध एकक बदलले, तर एकाच बिलात लिटर आणि किलोंची बेरीज होते.

सूचनेत काय बदलणार, कोणत्या `milk_date` पासून, प्रश्न कोणाला विचारायचे हे असावे आणि सोबत नव्या रूपातली खऱ्या ओळींची नमुना फाइल असावी. सूचना कराराला जोडलेल्या वाचकांच्या यादीतल्या प्रत्येकाला जाते. ही यादी नेहमी वाटते त्यापेक्षा लांब असते, कारण बिल विभागासाठी बनलेली फाइल वाहतूक आणि पशुखाद्य विभागही गुपचूप उचलत असतात. यादीत नाव नसलेल्याला सूचनेचा हक्क नाही, हे एकदा जाहीर केले की नावे आपोआप येतात.

वजनकाट्यांच्या उदाहरणात योग्य मार्ग हा: `qty` ला हात लावायचा नाही, शेवटी `qty_kg` हा नवा रकाना जोडायचा आणि किलोला घनतेने भागून `qty` लिटरमध्येच देत राहायचे. ती घनता किती धरली, हेही करारात लिहायचे. दोन बिले दोन्ही रकाने सोबत चालतात आणि बिल विभाग दोन्हींवरून बिल काढून जुळवून पाहतो. यादीतल्या प्रत्येक वाचकाने ‘आम्ही `qty` वाचणे थांबवले’ असे लेखी कळवल्यावरच तो रकाना जातो. कोणी उत्तर दिले नाही तर त्याची संमती धरायची नाही.

चूक दुरुस्त करणे हाही बदलच असतो, हे फाइल तयार करणाऱ्या विभागाला पटवावे लागते. समजा, एका केंद्राची फॅट कित्येक महिने चुकीची येत होती आणि बिल विभागाने आपल्याकडे ती सुधारून घेण्याची सोय केली होती. संकलन विभागाने न सांगता मूळ चूक काढली, तर सुधारणा दोनदा होईल. अशा तातडीच्या बदलाला दोन बिले थांबता येत नाही. पण तो फाइल पाठवण्याआधी फोनवर आणि त्याच दिवशी लेखी कळवावा. दुरुस्त फाइल त्याच तारखेची, पुढच्या क्रमांकाची आणि पूर्ण असते. फक्त बदललेल्या ओळी पाठवल्या, तर उरलेल्या रद्द झाल्या की तशाच राहिल्या हे कळायला मार्ग नसतो. बिल निघून गेल्यावर आलेली दुरुस्ती जुन्या बिलात घालत नाहीत. फरक पुढच्या बिलात वेगळ्या ओळीवर, कारणासह दाखवतात.