भरती-ओहोटी : दिवसातून दोनदा का?

समुद्राच्या पाण्याची पातळी ठरावीक वेळाने चढते आणि उतरते. चढली की भरती, उतरली की ओहोटी. बहुतेक किनाऱ्यांवर साधारण २४ तास ५० मिनिटांत दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. चंद्र पाणी ओढतो म्हणून भरती येते, हे उत्तर सगळ्यांना पाठ असते. पण ते अर्धेच आहे. चंद्र डोक्यावर असताना पाणी चढते हे त्यातून कळते. चंद्र पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडे असतानाही ते का चढते, हे कळत नाही. दुसऱ्या भरतीचे उत्तर ओढीत नसून ओढीतल्या फरकात आहे.

पृथ्वीच्या केंद्रापासून चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे आणि पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६,४०० किलोमीटर. म्हणजे चंद्राकडच्या बाजूचे पाणी केंद्रापेक्षा तेवढे त्याच्या जवळ, आणि पलीकडचे तेवढेच लांब. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. त्यामुळे केंद्रावरची चंद्राची ओढ १०० धरली, तर जवळच्या पाण्यावर ती सुमारे १०३.४ आणि पलीकडच्या पाण्यावर सुमारे ९६.८ भरते.

आता तीन दगड एका रेषेत, एकामागे एक, चंद्राच्या दिशेने पडत आहेत असे समजू. पुढचा जरा जोरात ओढला जातो, मधला मध्यम, मागचा कमी. तिघेही चंद्राकडेच पडत आहेत, पण मधल्या दगडावर बसून पाहिले तर पुढचा पुढे निसटताना दिसेल आणि मागचा मागे पडताना. पृथ्वी चंद्राच्या ओढीखाली अशीच सतत ‘पडत’ असते. फक्त आडव्या वेगामुळे ती आणि चंद्र एकमेकांवर न आदळता सामाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरत राहतात. आपण मधल्या दगडावर आहोत. म्हणून १०३.४ मधून १०० वजा केले की अलीकडे +३.४ उरतात, म्हणजे चंद्राकडे; आणि ९६.८ मधून १०० वजा केले की पलीकडे −३.२, म्हणजे चंद्राच्या उलट दिशेला. दोन्ही बाजूंना केंद्रापासून दूर जाणारे, जवळजवळ सारखेच बल. दोन फुगवटे येतात ते इथून.

पलीकडचा फुगवटा पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्याने, पाणी बाहेर फेकले जाऊन तयार होतो, असेही पुष्कळदा सांगितले जाते. ते चूक आहे. त्या फिरण्याने विषुववृत्ताभोवती सगळीकडे सारखाच फुगीरपणा येतो. तो कायमचा असतो, दिवसातून दोनदा चढत-उतरत नाही. पृथ्वी अजिबात न फिरता सरळ चंद्रावर पडत असती, तरी दोन फुगवटे आलेच असते.

हे बल फार क्षीण असते. पाण्याच्या वजनाच्या तुलनेत ते जेमतेम ९० लाखांत एक भाग. एवढ्याने पाणी उभे उचलले जाण्याचा प्रश्नच नाही, आणि चंद्राच्या बरोबर खाली तर हे बल नुसते वरच्या दिशेला असते. खरे काम होते ते त्या बिंदूपासून बाजूला. तिथे बल तिरपे असते आणि त्याचा एक भाग पृष्ठभागाला समांतर राहतो. फुगवट्याच्या टोकापासून ४५ अंशांवर तो सर्वाधिक. त्याला विरोध करायला वजन आडवे येत नाही. त्यामुळे हजारो किलोमीटर रुंद समुद्रातले पाणी दोन्ही टोकांकडे किंचित सरकत राहते. तळ्यात किंवा पेल्यात भरती जाणवत नाही, ती म्हणूनच: सरकायला तेवढी लांबीच नसते.

सूर्याचा हिशेब त्याच मापाने करता येतो. पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या जवळजवळ १८० पट, म्हणजे आपल्या मापावर सुमारे १८,०००. मग भरतीवर सत्ता सूर्याची का नाही? कारण तो चंद्राच्या ३९० पट लांब आहे, आणि एवढ्या लांबून पाहिले तर पृथ्वीची जवळची बाजू आणि केंद्र यांच्या अंतरात फरक जवळजवळ उरत नाही. ओढ मोठी, पण सगळ्या पृथ्वीवर बहुतांशी सारखी. फरक उरतो तो सुमारे १.५ चा, चंद्राचा सरासरी ३.३. म्हणजे सूर्याचा वाटा चंद्राच्या निम्म्याहून थोडा कमी.

अमावास्येला आणि पौर्णिमेला सूर्य, चंद्र आणि पृथ्वी साधारण एका रेषेत येतात. दोघांचे फुगवटे एकमेकांवर पडतात: ३.३ अधिक १.५, म्हणजे ४.८. हे उधाण. पौर्णिमेला सूर्य आणि चंद्र समोरासमोर असूनही एकमेकांना मारत नाहीत, कारण दोघांनाही दोन-दोन फुगवटे आहेत. अष्टमीच्या सुमारास ते काटकोनात असतात, तेव्हा ३.३ उणे १.५, म्हणजे १.८. ही भांगाची भरती. प्रत्यक्षात उधाण त्या तिथीनंतर बहुधा एक-दोन दिवसांनी शिगेला पोहोचते.

पृथ्वी स्वतःभोवती फिरताना किनारा या दोन्ही फुगवट्यांखालून जातो. तेवढ्या वेळात चंद्रही पुढे सरकलेला असतो, त्याला गाठायला आणखी सुमारे ५० मिनिटे लागतात. म्हणून दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर पडते, आणि आज दुपारी १२ वाजता आलेली भरती उद्या पाऊण वाजून गेल्यावर येते.

इथवरचे चित्र न्यूटनने १६८७ मध्ये मांडले. बलाचे चित्र म्हणून ते बरोबर आहे. समुद्राचे म्हणून नाही. फुगवट्याला चंद्राखाली राहायचे तर विषुववृत्तावर ताशी सुमारे १,६०० किलोमीटरने धावावे लागेल. पण सरासरी चार किलोमीटर खोलीच्या समुद्रात एवढी लांब लाट ताशी ७०० किलोमीटरच्या आसपासच जाऊ शकते, आणि वाटेत खंड आडवे येतात. म्हणून फ्रेंच गणिती लाप्लासने पुढे १७७० च्या दशकात भरतीला स्थिर फुगवटा न मानता लाट मानले. प्रत्येक समुद्र म्हणजे एक झोपाळा, आणि त्याला दर १२ तास २५ मिनिटांनी मिळणारा हलका धक्का म्हणजे चंद्र. झोपाळ्याची स्वतःची लय धक्क्याशी जुळली की हेलकावा वाढतो: मोकळ्या समुद्रात हिशेबाने अर्ध्या मीटरच्या आसपास निघणारी भरती कॅनडाच्या फंडीच्या उपसागरात १६ मीटरपर्यंत चढते. चंद्र माथ्यावर आल्यानंतर किती वेळाने भरती येईल, हेही त्यामुळे प्रत्येक बंदराचे वेगळे असते. काही ठिकाणी चंद्र माथ्यावर असताना चक्क ओहोटी असते.

‘बहुतेक’ किनारे असे म्हणावे लागते, तेही याच कारणाने. चंद्र विषुववृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला असला की फुगवट्यांची जोडी तिरपी होते आणि एकाच जागी दिवसातली एक भरती मोठी, दुसरी लहान पडते. म्हणजे दोनदाच्या धक्क्यात दिवसातून एकदाचाही एक धक्का मिसळलेला असतो. एखाद्या आखाताची लय त्या एकदाच्या धक्क्याशी जुळली, तर दुसरी भरती दिसेनाशी होते. मेक्सिकोच्या आखाताच्या बऱ्याच भागात आणि व्हिएतनामजवळच्या टोंकिनच्या आखातात असे घडते. टोंकिनची ही गोष्ट न्यूटनच्याही कानावर आली होती. तिथे चंद्र विषुववृत्त ओलांडतो त्या सुमारास एकदाचा धक्काही नाहीसा होतो आणि पाणी जवळजवळ हलत नाही. पुढे चंद्र जसजसा उत्तरेला किंवा दक्षिणेला सरकतो तसतशी दिवसाची ती एकुलती एक भरती पुन्हा वाढू लागते.