नीतिसमितीचा अर्ज (विद्यार्थी सर्वेक्षणासाठी)

माणसांकडून माहिती गोळा करणाऱ्या संशोधनाला सुरुवात करण्यापूर्वी संस्थेच्या नीतिसमितीकडे जो प्रस्ताव सादर करावा लागतो, त्याला नीतिसमितीचा अर्ज म्हणतात. भारतात आरोग्याशी संबंधित संशोधनासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे पाळली जातात. छोट्या प्रश्नावलीलाही ती लागू होतात. एकदा गोळा केलेल्या माहितीला समिती मागाहून मंजुरी देत नाही. त्यामुळे चाचणीपुरत्या भरून घेतलेल्या दहा प्रश्नावल्यासुद्धा परवानगीनंतरच्याच असाव्या लागतात.

अर्जात संमती, माहितीची साठवण आणि सहभागींना असलेला धोका अशी स्वतंत्र कलमे असतात, पण ती एकाच निर्णयावर अवलंबून असतात: उत्तरे निनावी घ्यायची, की सांकेतिक क्रमांकाने ओळख राखून गोपनीय ठेवायची? बहुतेक विद्यार्थी हे दोन्ही शब्द एकाच अर्थाने लिहितात आणि अर्ज परत येण्याचे ते एक नेहमीचे कारण ठरते. निनावी म्हणजे उत्तर कोणाचे आहे हे संशोधकालाही कळू शकत नाही. गोपनीय म्हणजे त्याला ते ठाऊक असते, पण तो ते कोणाला सांगत नाही.

समजा, पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थिनीला महाविद्यालयाच्या वसतिगृहातील प्रथम वर्षाच्या ६० मुलामुलींची झोप आणि मनःस्थिती यांचा अभ्यास करायचा आहे. मनःस्थितीसाठी तिने पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली निवडली आहे. मसुद्यात तिने ‘सर्वेक्षण निनावी असून कोणताही धोका नाही’ असे लिहिले. प्रश्नावलीतला नववा प्रश्न मात्र गेल्या दोन आठवड्यांत मरून जावेसे किंवा स्वतःला इजा करावीशी वाटले का, असा आहे. एखाद्याने ‘जवळजवळ रोज’ या पर्यायावर खूण केली, तर निनावी सर्वेक्षणात त्याच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्गच उरत नाही. तिच्यापुढे दोन प्रामाणिक वाटा आहेत. एक, नववा प्रश्न वगळून आठ प्रश्नांची प्रचलित आवृत्ती वापरणे. दोन, सांकेतिक क्रमांक देणे, उत्तरे त्याच दिवशी तपासणे आणि गरज दिसल्यास समुपदेशक संपर्क साधतील हे संमतिपत्रातच सांगणे. तिचा प्रश्न झोपेचा असल्याने पहिली वाट अधिक योग्य म्हणावी लागेल, कारण जे उत्तर हाताळण्याची तयारी नाही ते विचारूच नये. तरीही मन अस्वस्थ होण्याचा थोडा धोका उरतोच. तो ‘धोका नाही’ म्हणून झाकण्याऐवजी स्पष्ट लिहावा, आणि समुपदेशकांच्या भेटीची वेळ व टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक माहितीपत्रकावर द्यावा.

‘निनावी’ या शब्दाची दुसरी कसोटी उत्तरांच्या तक्त्यात लागते. नाव विचारले नाही, तरी शाखा, लिंग, तालुका आणि वय हे चार रकाने एकत्र वाचले की ६० जणांत ‘यंत्र अभियांत्रिकी, मुलगी, अमुक तालुका’ अशी एकच व्यक्ती निघू शकते. म्हणून विश्लेषणाला न लागणारा तालुका काढून टाकावा आणि वय गटात घ्यावे. गुगल फॉर्म वापरल्यास ईमेल पत्ते गोळा करण्याची सोय बंद आहे ना, हे पाहावे. क्रमांक वापरले असतील, तर नाव आणि क्रमांक यांची यादी उत्तरांपासून वेगळ्या, पासवर्ड घातलेल्या फाइलमध्ये ठेवावी. ती कोण पाहू शकेल आणि केव्हा नष्ट होईल हेही लिहावे. ‘माहिती सुरक्षित ठेवली जाईल’ एवढ्याने समितीला काहीच कळत नाही.

संमतिपत्रातली आश्वासने या निवडीशी जुळली पाहिजेत. ‘केव्हाही माघार घेता येईल’ हे वाक्य नमुन्यातून सर्रास उचलले जाते, पण निनावी उत्तर एकदा पाठवले की ते शोधून काढता येत नाही. तिथे ‘पाठवण्यापूर्वी केव्हाही’ असेच लिहावे लागते. प्रथम वर्षात १८ वर्षे पूर्ण न झालेली मुलेही असतात. त्यांच्यासाठी त्यांच्या होकाराबरोबर पालकांची संमती लागते, आणि ती नको असेल तर समितीकडे सकारण सूट मागावी लागते. छोट्या सर्वेक्षणात १८ पूर्ण ही अट घालणे सोपे, मात्र त्यामुळे निष्कर्ष साऱ्या प्रथम वर्षाला लागू होत नाहीत. प्रश्नावली वॉर्डनबाईंनी किंवा गुण देणाऱ्या शिक्षकांनी वाटू नये. त्यांच्यासमोर ‘नाही’ म्हणणे मुलांना अवघड जाते. मराठी माहितीपत्रक इंग्रजीचे शब्दशः भाषांतर नसावे. ‘सहभाग ऐच्छिक आहे’ याच्या जोडीला ‘भाग घेतला नाही तरी गुणांवर किंवा खोलीवर परिणाम होणार नाही’ हे वाक्य हवे, कारण मुलांची खरी शंका तीच असते.

धोका किमान असल्यास अर्ज सहसा जलद पुनरावलोकनासाठी जातो. जलद की पूर्ण बैठक, हे मात्र समितीच ठरवते. मंजुरीनंतर एखादा प्रश्न वाढवला, तरी सुधारित प्रश्नावली पुन्हा सादर करावी लागते आणि उत्तर येईपर्यंत जुनीच वापरावी लागते.